कपालभाती : ठोके किती आणि थांबायचे कधी?

वाचक बंधू-भगिनींनो, एरवी या सदरात आम्ही तुमच्या पत्रांना उत्तरे देतो. यावेळी आमचेच एक पत्र छापत आहोत. दिवसा कचेरीत कारकुनी आणि पहाटे वस्तीतील समाजमंदिरात योगवर्ग, असा आमचा दिनक्रम आहे, हे अनेकांना ठाऊक आहेच. मागच्या महिन्यात वर्गात एक प्रकार घडला. त्यानंतर आम्ही साधकांना हे पत्र लिहून वाटले. इतर वस्त्यांतूनही असे वर्ग चालतात, शिवाय टीव्हीसमोर बसून घरोघर कपालभाती चालतेच, म्हणून ते जसेच्या तसे येथे देत आहोत.

वर्गातील सर्व ताई, माई, काका आणि तरुण मित्रांनो,

सप्रेम जयभीम.

त्या रविवारी जे घडले ते तुम्ही सर्वांनी पाहिले. पण काय घडले हे मात्र प्रत्येकाने वेगवेगळे सांगितले. म्हणून आधी घडले ते सांगतो आणि त्यात आमची चूक कोणती हेही सांगतो.

शिलाईकाम करणारी आपली एक ताई दोनच आठवडे वर्गाला येत होती. त्या दिवशी आम्ही कपालभाती सुरू केली आणि तोंडाने आकडे मोजू लागलो. सेकंदाला एक ठोका अशी गती होती. शंभरावर थांबायचे ठरले होते. पण मागच्या रांगेतील तरुणांनी "दादा, आज तीनशे!" अशी हाळी दिली आणि आम्हीही भरीस पडलो. "जोरात, आणखी जोरात" हे शब्द आमच्याच तोंडचे. दोनशेच्या पुढे ताईच्या ओठांभोवती मुंग्या आल्या. नवीन असल्याने ती बोलली नाही. तीनशे होता होता तिचे दोन्ही हात आखडले. बोटे सरळ होऊन एकमेकांना चिकटली, अंगठा तळहाताकडे ओढला गेला आणि मनगट आत वळले. कासार घट्ट बांगडी भरताना हात जसा चोळून निमुळता करतो ना, अगदी तसा तिचा हात झाला आणि तो उघडेना. डोळ्यांपुढे अंधारी आली, छातीत धडधड सुरू झाली आणि ती रडू लागली.

मग एक काका म्हणाले, "भिऊ नको, शक्ती जागी होते आहे." दारात उभी असलेली एक आजी म्हणाली, "अंगात आलंय, लिंबू आणा." एक तरुण पाण्याचा तांब्या घेऊन धावला. आणखी एकाने "खोल श्वास घे, खोल श्वास घे" असे सांगितले आणि ते सर्वांत वाईट झाले. कारण श्वास जास्त झाल्यानेच हे सारे घडत होते.

आम्ही तिला कुशीवर निजवले आणि तोंड मिटून नाकाने हळू, अगदी थोडा थोडा श्वास घ्यायला लावला. बोलणारी माणसे बाजूला केली. सात-आठ मिनिटांत बोटे सैल झाली. घरी गेल्यावर मात्र सासूबाईंनी वर्ग बंद करायला सांगितला, कारण वस्तीत "अंगात आले" हीच बातमी पोचली होती. त्या घरी जाऊन आम्ही जे समजावले तेच आता तुम्हाला लिहितो.

मंडळी, आपण समजतो की जोरात श्वास घेतला की अंगात प्राणवायू जास्त भरतो आणि झिणझिण्या ही त्या प्राणवायूची खूण. हे खरे नाही. निरोगी माणूस गप्प बसलेला असतानाही त्याच्या रक्तात प्राणवायू सुमारे ९७-९८ टक्के भरलेलाच असतो. काठोकाठ भरलेल्या हंड्यात आणखी पाणी ओतले तर हंडा जास्त भरत नाही. जोराच्या श्वासाने जे बदलते ते दुसरेच. श्वासावाटे बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड हा वायू आपण टाकाऊ म्हणतो, पण त्याची ठरावीक शिल्लक रक्तात राहावीच लागते. ती शिल्लक एकदम घटली की मेंदूकडे रक्त नेणाऱ्या नलिका आकसतात. म्हणून अंधारी येते, डोके हलके होते. त्याच वेळी रक्ताची आम्लता कमी होते. मग रक्तात मोकळे असलेले कॅल्शियम प्रथिनांना चिकटून बसते आणि नसा व स्नायू उगाच चेतू लागतात. ओठांभोवतीच्या मुंग्या आणि आखडलेले हात हे त्याचेच काम. शक्ती जागी झाली नव्हती आणि अंगातही काही आले नव्हते. खात्यातली शिल्लक संपली होती, इतकेच.

आम्ही पडलो वाणिज्य शाखेचे. हिशेब मांडल्याशिवाय आम्हालाही पटत नाही. तेव्हा ढोबळ आकड्यांनी तो मांडून पाहू. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला साधारण १२ श्वास घेतो आणि एका श्वासात सुमारे ५०० मिलिलिटर, म्हणजे अर्धा लिटर हवा आत येते. त्यातली दीडशे मिलिलिटर नाक, घसा आणि श्वासनळीतच राहते, फुप्फुसाच्या कामाच्या भागापर्यंत पोचत नाही. उरली साडेतीनशे. तिला बाराने गुणले की मिनिटाला ४ लिटर २०० मिलिलिटर कामाची हवा झाली. शरीराचे भागते ते एवढ्यावर.

आता नीट केलेली कपालभाती घ्या. तिच्यात पोटाच्या छोट्या हिसक्याने हवा बाहेर जाते आणि आत आपोआप येते. ठोका लहान, समजा दोनशे मिलिलिटरचा. त्यातून दीडशे वजा केले की कामाची हवा पन्नासच. मिनिटाला ६० ठोके धरले तर ३ लिटर. म्हणजे आवाज एवढा होऊनही हवेची उलाढाल रोजच्यापेक्षा फार वेगळी नाही. म्हणून बेताने केलेल्या कपालभातीत चक्कर येत नाही.

आपल्या ताईचे काय झाले? ती हवा जोरात बाहेर टाकत होती आणि पुढच्या ठोक्यासाठी छाती फुगवून तितक्याच जोरात आत ओढत होती. खांदे वरखाली होत होते, हे आम्हाला समोरून दिसत होते, तरी आम्ही आकडे मोजण्यात दंग. तिचा ठोका दोनशेऐवजी पाचशेचा धरा. कामाची हवा साडेतीनशे, गुणिले ६०, म्हणजे मिनिटाला २१ लिटर. गरजेच्या पाचपट! तेही पाच मिनिटे सतत आणि जागच्या जागी बसून. धावणारा माणूस एवढी हवा घेतो तेव्हा त्याचे स्नायू कार्बन डायऑक्साइड तयारही करत असतात, म्हणून त्याचा हिशेब जुळतो. बसलेल्या माणसाची नुसती उधळपट्टी होते.

तेव्हा पहिली मर्यादा आकड्याची नाहीच, ती श्वास आत घेण्याची आहे. कपालभातीत श्वास आपण घ्यायचा नसतो, तो यावा लागतो. मांडी घालून किंवा खुर्चीवर ताठ बसा. एक हात बेंबीखाली ठेवा. पोटाचा खालचा भाग झटकन आत ओढा, नाकातून हवा जाईल. लगेच पोट सैल सोडा. हवा आपोआप आत येईल, तिचा आवाज होता कामा नये. बाहेर जाताना आवाज, आत येताना शांतता, ही खरी खूण. दुसरा हात छातीवर ठेवून पाहा. तो हलत असेल तर छातीने काम चालले आहे. चेहरा वेडावाकडा होत असेल, खांदे उडत असतील, तोंड उघडत असेल तर तिथेच थांबा, मग तुमचा आकडा दहा असो की दोनशे.

आता ठोके किती? आपल्या वर्गात यापुढे नवीन माणसाने सेकंदाला एक या गतीने २० ठोके करायचे, मग मिनिटभर साधा श्वास, अशी तीन आवर्तने. त्यात आठवडाभर काहीही त्रास नसेल तर पुढच्या आठवड्यात आवर्तनामागे १० ठोके वाढवायचे. असे करत ६० वर थांबायचे. साठची तीन आवर्तने, मधल्या विश्रांतीसह पाच-सहा मिनिटांचे काम. त्यापुढे आम्ही नेणार नाही. काही जुन्या परंपरांत याहून अधिक करतात, पण तिथे शिष्य गुरूच्या नजरेखाली महिनोन् महिने असतो. आमच्यासमोर चाळीस माणसे असतात आणि आम्हाला पावणेआठची लोकल गाठायची असते. चाळीस जणांचे खांदे एकाच वेळी आम्हाला दिसत नाहीत, म्हणून आकडा लहान ठेवला आहे.

आणि आवर्तनांमधला तो मिनिट गाळू नका. घटलेली शिल्लक त्याच मिनिटात भरून निघते. आवर्तन संपल्यावर क्षणभर श्वास थांबल्यासारखा वाटला तर तेवढ्याने बिघडत नाही. पण बराच वेळ श्वास घ्यावासाच वाटत नसेल तर त्याला कोणी सिद्धी म्हणू नये. श्वास घे असा हुकूम शरीराला मुख्यतः वाढत्या कार्बन डायऑक्साइडमुळे मिळतो. तो उधळून टाकल्यावर हुकूमच निघत नाही. यावरून एक गोष्ट तरुणांना बजावून सांगतो. गावाकडे विहिरीत किंवा नदीत बुडी मारण्यापूर्वी जोरजोरात श्वास घेण्याची पैज कधी लावू नका. पाण्याखाली प्राणवायू संपत येतो, पण श्वास घे हा हुकूम वेळेवर येत नाही. पोहणारा न धडपडता बेशुद्ध होतो आणि काठावरच्यांना वाटते तो अजून बुडीच मारून आहे.

भस्त्रिकेचा हिशेब आणखी कडक आहे. तिच्यात आत आणि बाहेर दोन्ही श्वास जोराचे आणि मोठे असतात. एका श्वासात दीड-दोन लिटर हवा सहज फिरते. म्हणजे ताईच्या बाबतीत जे चुकून घडले ते भस्त्रिकेत ठरवूनच घडते. म्हणून आपल्याकडे भस्त्रिका तीन महिने कपालभाती नीट जमल्यावरच. दोन-तीन सेकंदांना एक श्वास, असे दहा श्वास, मग साधा श्वास पूर्ववत होईपर्यंत बसणे, आणि पुन्हा एकदाच दहा. तिच्यासोबत श्वास कोंडून धरण्याचा प्रयोग आपल्या वर्गात होणार नाही.

एक काका विचारतात, "हा तर प्राणायाम आहे, जितका जास्त तितका चांगला." काका, 'हठयोगप्रदीपिका' हा या विद्येचा जुना ग्रंथ कपालभातीला प्राणायामात धरतच नाही. तिथे ती षट्कर्मांपैकी एक, म्हणजे धौती-नेतीच्या पंगतीतली शुद्धीची क्रिया आहे. शिवाय ज्याच्या अंगात मेद आणि कफ जास्त त्याने आधी ही कर्मे करावीत, इतरांनी करू नयेत, असेही तोच ग्रंथ म्हणतो. मेद-कफाचे ते जुने शरीरशास्त्र आज कोणी जसेच्या तसे मानणार नाही, आम्हीही मानत नाही. पण ही क्रिया सरसकट सर्वांसाठी नाही, एवढे ज्यांनी ती सांगितली त्यांनाही कळत होते. तासाभराच्या पंधरा-पंधरा मिनिटांच्या कपालभाती हे अलीकडचे, टीव्हीच्या काळातले खूळ.

विहारात आनापान करणाऱ्यांनीही लक्षात घ्यावे. तिथे श्वास जसा आहे तसा पाहायचा असतो, तो वाढवायचा किंवा ढकलायचा नसतो. आपल्यातील काही जण आनापानाला बसल्यावरही भात्यासारखा श्वास ओढतात आणि मग डोके गरगरते म्हणून तक्रार करतात. दोन्ही गोष्टींची गल्लत नको.

आता कोणी करूच नये, ते मन लावून वाचा.

ज्यांना फिट्स येतात किंवा पूर्वी येत होत्या, त्यांनी कपालभाती आणि भस्त्रिका दोन्ही करू नयेत. दवाखान्यात मेंदूचा ई.ई.जी. काढताना डॉक्टर रुग्णाला साधारण तीन मिनिटे जोरात श्वास घ्यायला लावतात. का? तर दडलेला दोष आलेखावर उमटावा म्हणून. म्हणजे जी गोष्ट तपासणीच्या खोलीत, डॉक्टरांच्या समोर, झटक्याची खूण उघडी पाडण्यासाठी करतात, तीच आपण समाजमंदिरात सतरंजीवर करतो आहोत. फिट्स येतात हे लपवण्याची आपल्याकडे सवय आहे, विशेषतः लग्नाच्या मुलींच्या बाबतीत. वर्गात सर्वांसमोर सांगू नका, आम्हाला एकट्याला सांगा. आम्ही कोणाला बोलणार नाही.

रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यांनी, गरोदर भगिनींनी, हर्निया असलेल्यांनी आणि पोटाचे ऑपरेशन नुकतेच झालेल्यांनीही हे करू नये. प्रत्येक ठोक्याला पोटातला दाब वाढतो, टाक्यांवर ताण येतो. सिझेरियन किंवा गर्भपिशवीच्या ऑपरेशननंतर कधी सुरू करायचे हे ज्यांनी ऑपरेशन केले त्या डॉक्टरांना विचारावे, शेजारणीला नव्हे. काचबिंदू किंवा डोळ्याच्या पडद्याचा आजार असेल तरीही नको. पाळीच्या दिवसांत रक्तस्राव जास्त असेल तर ते दिवस सोडून द्यावेत. आणि रक्तदाबाची गोळी योगवर्ग सुरू केला म्हणून स्वतःच्या मनाने बंद करू नये. मागे एका काकांनी ती बंद केली होती आणि आम्हाला तीन आठवड्यांनी कळले.

टी.बी. होऊन गेलेल्यांसाठी वेगळे लिहितो, कारण आपल्या वस्तीत असे पुष्कळ आहेत. औषधाचा कोर्स पुरा होऊन डॉक्टरांनी बरे म्हटले तरी फुप्फुसावर जुने व्रण राहू शकतात आणि तो भाग कमजोर असू शकतो. जोराच्या दाबाने फुप्फुसाला छिद्र पडून हवा छातीच्या पोकळीत शिरण्याचा धोका असतो. असा प्रकार निरोगी माणसातही घडल्याची नोंद आहे. २००४ साली अमेरिकेतील 'चेस्ट' या वैद्यकीय नियतकालिकात कपालभातीनंतर फुप्फुसातून हवा निसटलेल्या २९ वर्षांच्या स्त्रीची हकिगत छापून आली होती. हे फार क्वचित घडते. पण ज्यांच्या फुप्फुसावर आधीच घाव आहेत, ज्यांना दमा आहे किंवा ज्यांनी गिरणीत कापसाच्या धुळीत उमेद घालवली, त्यांनी छातीच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय या दोन क्रिया करू नयेत. त्यांच्यासाठी वर्गात सावकाश दीर्घ श्वसन आहे, तेवढे पुरे.

शेजारी बसलेल्याला त्रास झाला तर काय करायचे, हे सर्वांनाच ठाऊक हवे. नुसत्या मुंग्या, हलके डोके किंवा आखडलेली बोटे असतील तर क्रिया थांबवा. पडू नये म्हणून त्याला कुशीवर निजवा. "खोल श्वास घे" म्हणू नका. "तोंड मिट, नाकाने हळू घे, हळू सोड, थोडाच घे" असे म्हणा. तोंडावर कागदाची किंवा प्लॅस्टिकची पिशवी धरू नका. सिनेमात दाखवतात, पण त्रास हृदयाचा किंवा फुप्फुसाचा असेल तर पिशवीने जीव जाऊ शकतो. गुंगीतल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका. दहा मिनिटांत उतार पडायला हवा. उतार पडला तरी त्या दिवशी पुन्हा क्रिया नाही. आणि कोणाचे हात जोरात श्वास न घेताही वरचेवर असे आखडत असतील तर कॅल्शियमची तपासणी करून घ्यावी, त्याचा कपालभातीशी संबंध नाही.

पण छातीत एका बाजूला एकाएकी कळ येऊन दम लागला, छाती आवळून घाम सुटला, तोंड वाकडे झाले, एका बाजूचा हात-पाय लुळा पडला, बोलणे अडखळले, फिट आली, किंवा कधी नव्हे इतके डोके दुखू लागले, तर दहा मिनिटे वाट पाहायची नाही. १०८ ला फोन करा. रिक्षा लवकर मिळत असेल तर रिक्षाने न्या. आमची परवानगी विचारत बसू नका.

राहिली पोटाची गोष्ट. भरपेट जेवणानंतर निदान तीन-चार तास ही क्रिया करू नये. रात्रपाळी करून थेट वर्गाला येणाऱ्यांनी त्या दिवशी फक्त आसने आणि सावकाश श्वसन करावे. जागरण आणि उपाशी पोट यांच्यावर जोराचा श्वास म्हणजे चक्करेला आमंत्रणच.

येत्या रविवारी वर्ग पंधरा मिनिटे आधी, सव्वापाचला उघडेल. ज्यांना वरीलपैकी काहीही आहे त्यांनी त्या वेळात एकेकट्याने येऊन सांगावे. आम्ही वहीत नावापुढे फक्त एक फुली करू, आजार लिहिणार नाही. फुली असलेल्यांनी कपालभातीच्या वेळी दीर्घ श्वसन करत बसावे, त्यांना कोणी का म्हणून विचारू नये. आकडे यापुढे मोठ्याने मोजले जाणार नाहीत. आम्ही टाळीने ठेका धरू आणि विसाला थांबू. शिलाईवाल्या ताईच्या सासूबाईही त्या दिवशी पाहायला येणार आहेत. त्यांच्यासाठी भिंतीजवळ एक खुर्ची ठेवावी.

आपला,
वर्गचालक